अनुभव धागा: डीपीचे पॅटर्न पाठ करावेत की समजून घ्यावेत?

मुलाखतींचे दिवस जवळ आले की हॉस्टेलमध्ये हा वाद ठरलेला. तुमच्या खोलीत काय झालं ते लिहा. गोष्टीसारखं लिहिलंत तर उत्तमच.

निशाचर

आमच्या शेजारच्या खोलीतले दोघे. त्यांना अव्या आणि सम्या म्हणू. अव्याकडे डायनॅमिक प्रोग्रॅमिंगचे पॅटर्न उतरवलेली वही होती, रोज रात्री तिचं पारायण चालायचं. सम्याला त्या वहीचा राग.

एकदा सम्या म्हणाला, "कॉइन चेंज लिही. रक्कम किती प्रकारे होते तो." अव्याने न थांबता लिहिलं:

```
dp = [0] * (amount + 1)
dp[0] = 1
for a in range(1, amount + 1):
    for c in coins:
        if a >= c:
            dp[a] += dp[a - c]
```

"नाणी १ आणि २, रक्कम ३. चालव."

अव्याने कागदावर भरत आणलं: १, २, ३. उत्तर ३.

"आता बोटांवर मोज."

"१+१+१. आणि १+२." अव्या थांबला. "तिसरा कुठून आला?"

"२+१. तू रक्कम बाहेरच्या लूपमध्ये घेतलीस, त्यामुळे शेवटचं नाणं दरवेळी कुठलंही चालतं. म्हणजे तू क्रम मोजतोयस. नाणी बाहेर घे. आधी फक्त १ ने सगळे रकाने भरतील, मग २ येईल. २ नंतर १ ला परत संधीच नाही."

"म्हणजे दोन ओळींची अदलाबदल. वहीत लिहून टाकतो, नाणी बाहेर."

"आणि जिना एकेक किंवा दोन-दोन पायऱ्यांनी चढायचे प्रकार विचारले तर? तिथे क्रम हवाच असतो."

"मग तेही लिहितो!" अव्या आता चिडला होता. "बरं, तू सांग. लाँगेस्ट इन्क्रीजिंग सबसीक्वेन्स, एन लॉग एन मध्ये."

सम्याने एन स्क्वेअरचं उत्तर स्वतः काढलं, तेही नीट समजावून. पण पुढे बराच वेळ नुसता पेन चावत बसला.

"लाखाच्या ॲरेवर हे चालवणार?"

"बायनरी सर्चची ती युक्ती ऐनवेळी कुणाला सुचते रे?"

"मला सुचायची गरजच नाही. वहीत आहे."

रात्री दोनपर्यंत हेच. शेवटी मी भिंत ठोकली.

आळशी_बैल

एवढा घोळ कशाला? रिकर्शन लिहायचं, वर `@cache` चिकटवायचं. `f(a)` म्हणजे सगळ्या `f(a - c)` ची बेरीज. लूपच नाहीत, मग आत-बाहेरचा प्रश्न येतोच कुठे?

जुनी_खोड

@आळशी_बैल, तुमच्या `f(3)` चं उत्तरही ३ च येईल. अव्याचीच चूक, वेष बदलून. कुठल्या नाण्यापर्यंत आलोय हे फंक्शनला माहीत हवं, म्हणजे `f(i, a)`. शिवाय नाणं १ चं आणि रक्कम ५००० असली तर पायथन `RecursionError` देईल, कारण तिथली मूळ मर्यादा १००० आहे. बाकी पहिला मसुदा रिकर्शनने काढावा हे मला मान्य आहे.

मी मुलाखती घेते. हाच प्रश्न देते आणि अर्ध्यात बदलते: प्रत्येक नाणं एकदाच वापरायचं. पाठांतरवाले आतला लूप पटकन उलटा करतात, आणि ते बरोबरच असतं. मग मी विचारते, उलटा का? तिथे बरेच जण गप्प होतात. एकच नाणं घ्या, २ चं, आणि रक्कम ४. सरळ गेलात तर `dp[2]` मध्ये १ येतो आणि पुढे `dp[4]` तोच उचलतो, म्हणजे एक नाणं दोनदा वापरलं. उलटं गेलात तर `dp[4]` च्या वेळी `dp[2]` अजून ० असतो. एवढं कागदावर करून दाखवलं तरी माझं समाधान होतं.

पावसाळी_छत्री

आमच्याकडे आधी ऑनलाइन टेस्ट होती. तिथे "का" विचारायला समोर कुणी नसतं, घड्याळ तेवढं असतं. माझ्या रूममेटने पाठ केलेलं धडाधड लिहिलं आणि ती पुढच्या फेरीत गेली. मी पहिल्याच प्रश्नाचं रिकरन्स मांडत बसले होते. त्यामुळे सम्याचं म्हणणं मला पूर्ण पटत नाही.

आळशी_बैल

`f(i, a)` करून पाहिलं, २ आलं. पण `@cache` सोडणार नाही.

जुनी_खोड

@निशाचर, अव्याला एक विचारा. त्या एन लॉग एनवाल्या युक्तीत शेवटी जो ॲरे उरतो, तीच खरी सबसीक्वेन्स असते का?

निशाचर

विचारलं. "लांबी बरोबर येते ना, मग झालं," म्हणाला. सम्याने लगेच ३, ४, १ घेऊन पाहिलं. ॲरेत १, ४ उरले आणि मूळ यादीत तर ४ आधी येतो. अव्या म्हणतो, प्रश्नात फक्त लांबी विचारली आहे. आता त्यावर जुंपली आहे.