मुदतवाढ, सूट, सवलत की मोहलत? आजारपणामुळे सरांना पत्र लिहायचंय

उनाड_बीट:
मंडळी, एक पत्र लिहायचंय आणि शब्दांवर अडलोय. प्रोग्रामिंगची असाइनमेंट आहे, सी मध्ये हॅश टेबल लिहायचं, मंगळवारी १४ तारखेला द्यायचीये. शनिवारपासून ताप होता, आज सोमवार, आत्ता कुठे खुर्चीत बसवतंय. सरांना मराठीत लिहिलेलं चालतं म्हणून मराठीतच लिहितोय. पहिला मसुदा असा झालाय:

"आदरणीय सर, मी अस्वस्थ असल्यामुळे असाइनमेंट वेळेत पूर्ण करू शकलो नाही. काम जवळजवळ झाले आहे. तरी मला थोडी सूट प्रदान करावी. मी क्षमस्व आहे."

मित्र म्हणतो सूट नको, मुदतवाढ लिही. बहीण म्हणते सवलत जास्त नम्र वाटतं. आणि मला स्वतःला मोहलत हा शब्द भारी वाटतो पण तो इथे चालेल का माहीत नाही. नक्की फरक काय आहे यांत?

पाटीपेन्सिल:
सगळे एकच रे, सूट म्हण, सवलत म्हण, सरांना कळल्याशी मतलब. फक्त सूट जरा बाजारी वाटतं, सेलमधल्यासारखं, म्हणून सवलत बरं. माझं मत सवलत.

शेवटचा_बाक:
बाजारी वाटतं हे खरंय पण खरी अडचण ती नाहीये. सूट म्हणजे ती गोष्ट करायचीच नाही, माफ. परीक्षेतून सूट मिळाली म्हणजे परीक्षा द्यावी लागली नाही. तू "असाइनमेंटमध्ये सूट द्यावी" लिहिलंस तर त्याचा सरळ अर्थ असा निघतो की मला ही करायला लावू नका, किंवा थोडी कमी करायला लावा, आणि सरांनी पहिल्याच वाचनात कपाळाला आठ्या घातल्या तर त्यांची चूक नाही. सवलतीत नियमच तुझ्यासाठी सैल होतो, त्यात तारीख येईल, मार्क येतील, काहीही येईल, म्हणून तो शब्द मोघम. तुला काम पूर्ण करायचंय, नियम तोच हवाय, फक्त तारीख पुढे हवीये, त्याला मुदतवाढ हाच शब्द. आणि "मुदत वाढवून द्यावी" लिहिलंस तर त्याहून मोकळं वाटतं. "प्रदान करावी" काढ, पुरस्कार प्रदान करतात, मुदत नाही.

खारीचा_वाटा:
मोहलतीचं कोणी बोललंच नाही! मला तो शब्द फार आवडतो. मुदत आणि मोहलत दोन्ही अरबीतून फारसीमार्गे आलेले, पण मुदत म्हणजे ठरलेला काळ, मुदत ठेव म्हणतो तसा, तो आधीच ठरलेला असतो. मोहलत ही संपलेल्या मुदतीनंतर समोरच्याने दिलेली उसंत. सावकार मोहलत देतो, सरकार कारवाईच्या आधी मोहलत देतं. त्यात पुढची धमकी लपलेली असते, "एवढी मोहलत देतो, नाहीतर". म्हणून पत्रात स्वतःसाठी मोहलत मागणं जरा नाटकी होईल. बोलताना गमतीत चालेल.

वर्गाबाहेरचा:
रजेच्या अर्जात मी कायम "प्रकृती अस्वास्थ्यामुळे दोन दिवसांची किरकोळ रजा मंजूर करावी" असं लिहितो, कधी कोणी विचारलं नाही. तुम्ही पण रजा मंजूर करावी लिहा ना, एवढा विचार कशाला. वैद्यकीय दाखला जोडा, विषय संपला.

उनाड_बीट:
अहो रजा नकोय मला, वर्गात गैरहजर राहिल्याचा प्रश्नच नाही, असाइनमेंटची तारीख पुढे ढकलून हवीये.

वर्गाबाहेरचा:
अच्छा अच्छा. मग दाखला तरी जोडा.

शेवटचा_बाक:
दाखल्याचं बरोबरच आहे त्यांचं. पण "अस्वास्थ्य" वरून आठवलं, उनाड, तुझ्या मसुद्यातलं "मी अस्वस्थ असल्यामुळे" बदल. मराठीत अस्वस्थ म्हणजे बेचैन, मनात घालमेल चालू असलेला. निकालाची वाट बघताना माणूस अस्वस्थ होतो. आजारी या अर्थाने हिंदीत सर्रास वापरतात, तिथून आपल्याकडे शिरलंय. "प्रकृती अस्वास्थ्य" सरकारी भाषेत रुळलंय, चूक नाही, पण तू चार ओळींचं पत्र लिहितोयस, त्यात "शनिवारपासून ताप असल्यामुळे" किंवा "आजारपणामुळे" लिही. सरळ आजार सांगितला की वाचणाऱ्याला अंदाज येतो, किती दिवस गेले असतील याचा.

जुना_टीए:
मी काही वर्षं असाइनमेंटा तपासायचो, आता शिकवतो. अशी पत्रं पुष्कळ वाचली आहेत म्हणून शब्दांबाहेरचं थोडं बोलतो, पण शब्दांपासून फार लांब जाणार नाही.

एक, "पूर्ण करू शकलो नाही". आज सोमवार, मुदत उद्या. भूतकाळ वाचून मला आधी वाटलं तारीख गेली. "वेळेत पूर्ण करू शकणार नाही" असं लिही. मुदत संपण्याआधी आलेलं पत्र आणि नंतर आलेलं पत्र यात मागणाऱ्याचं वजन फार बदलतं आणि ते वजन तू एका क्रियापदात घालवतोयस.

दोन, "काम जवळजवळ झाले आहे" हे वाक्य मी हजारदा वाचलंय आणि त्याला काही अर्थ नसतो. ९० टक्के झालं हे प्रोग्रामिंगमध्ये कुणाचंच खरं नसतं, कारण उरलेला भाग साधा आहे का अवघड हे ते सांगतच नाही. त्याऐवजी कुठलं फंक्शन चालतंय आणि कुठलं नाही ते लिही. तुझं काय काय झालंय?

उनाड_बीट:
`insert` आणि `lookup` चालतायत. `delete` बाकी आहे. टक्कर झाली की पुढची रिकामी जागा शोधायची, म्हणजे लिनिअर प्रोबिंग, असं सांगितलंय. दिलेल्या २२ टेस्टपैकी १४ पास होतायत, बाकीच्या ८ `delete` वाल्या.

पाटीपेन्सिल:
मग `delete` काय, जागा रिकामी केली की झालं, अर्ध्या तासाचं काम. मुदतवाढ कशाला मागतोस, उद्या देऊन टाक.

जुना_टीए:
तसं नाही हो, इथेच सगळे फसतात. समजा तीन किल्ल्या एकाच जागेवर आदळल्या, म्हणून त्या ५, ६ आणि ७ नंबरच्या जागांवर ओळीने बसल्या. आता ६ वरची काढून ती जागा रिकामी केली. पुढे ७ वरची शोधायला निघालात की ५ बघता, ती नाही, ६ रिकामी दिसते आणि शोध तिथेच थांबतो, कारण रिकामी जागा म्हणजे साखळी संपली असं `lookup` धरून चालतो. ७ वरची किल्ली टेबलात असूनही सापडत नाही. म्हणून काढलेल्या जागी "इथे होती, काढली" अशी खूण ठेवावी लागते, `lookup` ला ती ओलांडून पुढे जायला शिकवावं लागतं आणि `insert` ला तीच जागा परत वापरता आली पाहिजे, पण तीच किल्ली पुढे आधीच नाही ना हे बघून. म्हणजे चालू असलेल्या दोन्ही फंक्शनांना हात लागतो. ताप उतरलेल्या माणसाला अर्ध्या तासात नाही जमायचं.

आणि उनाड, हेच एका ओळीत पत्रात लिही. "`delete` नंतर `lookup` ची साखळी तुटते, ती दुरुस्त करायची आहे" एवढं वाचलं की मला कळतं या मुलाने खरंच बसून काम केलंय.

खारीचा_वाटा:
हे आवडलं. शिवाय दाखल्यासोबत कमिटचा स्क्रीनशॉट जोडला तर? त्यावर वेळ असतेच, मुदतीआधी किती काम केलं होतं ते आपोआप सिद्ध होईल.

जुना_टीए:
कमिटवरची वेळ आपल्याच मशीनच्या घड्याळाची असते आणि ती हवी तशी टाकताही येते, त्यामुळे पुरावा म्हणून ती कच्ची. त्यापेक्षा जेवढं झालंय तेवढं मुदतीच्या आत सर्व्हरवर ढकलून ठेव. तिथे कधी पोचलं याची नोंद तुझ्या हातात नसते. `delete` नुसतं रिकामं ठेव पण फाइल कंपाइल झाली पाहिजे, नाहीतर झालेल्या १४ टेस्टही जातील.

```
git add hash_table.c
git commit -m "insert, lookup done; delete pending"
git tag before-deadline
git push origin main before-deadline
```

टॅग यासाठी की नंतर तू कितीही पुढे गेलास तरी मंगळवारची अवस्था नावानिशी सापडते, आणि मुदतवाढ नाहीच मिळाली तर "तेवढंच तपासा" म्हणायला जागा राहते.

उनाड_बीट:
करतो लगेच. नवीन मसुदा बघा:

"आदरणीय सर,
शनिवार ११ तारखेपासून ताप असल्यामुळे हॅश टेबलची असाइनमेंट मंगळवार १४ तारखेच्या मुदतीत पूर्ण करू शकणार नाही. `insert` आणि `lookup` पूर्ण आहेत, २२ पैकी १४ टेस्ट पास होतात, हा कोड सर्व्हरवर ठेवला आहे. `delete` नंतर `lookup` ची साखळी तुटते, ती दुरुस्ती बाकी आहे. आजारपणात तीन दिवस गेले. तरी शुक्रवार १७ तारखेपर्यंत मुदत वाढवून द्यावी, ही विनंती. वैद्यकीय दाखला सोबत जोडला आहे. मी क्षमस्व आहे.
आपला विश्वासू"

शेवटचा_बाक:
छान झालंय. क्षमस्व मात्र राहिलंच की. ते संस्कृतातलं आज्ञार्थी रूप आहे, "क्षमा कर" असा अर्थ. म्हणजे "मी क्षमस्व आहे" म्हणजे "मी क्षमा कर आहे". नुसतं "क्षमस्व" चालेल, नाहीतर "दिलगीर आहे". खरं तर दोन्ही नको, आजारी पडल्याची माफी कशाला.

पाटीपेन्सिल:
माफी असू दे हो, सरांना बरं वाटतं. "गैरसोयीबद्दल दिलगीर आहे" लिहा.

खारीचा_वाटा:
मला "१७ तारखेपर्यंत" खुपतंय. पर्यंत म्हणजे १७ धरून का १७ उजाडेपर्यंत? आमच्याकडे एकाने "शुक्रवारी रात्री १२ पर्यंत" असं लिहिलं होतं, तर अर्धे लोक गुरुवार संपताना धरून बसले आणि अर्धे शुक्रवार संपताना.

जुना_टीए:
बोलण्यात पर्यंत म्हणजे तो दिवस धरूनच घेतात, पण सबमिशनची खिडकी मशीन बंद करतं, त्याला मराठी कळत नाही. "शुक्रवार १७ तारखेला रात्री ११:५९ पर्यंत" लिही. १२ कधीच लिहू नये, तो कुठल्या दिवसाचा यावरून भांडणं होतात.

शेवटचा_बाक:
मी तरी "१७ तारीख धरून" असं लिहीन, मराठी वळण आहे.

जुना_टीए:
चालेल, पण मग वेळ राहिली ना.

उनाड_बीट:
११:५९ टाकलं, क्षमस्व काढलं, दिलगीर पण नाही ठेवलं (सॉरी पाटीपेन्सिल). आणि टॅग ढकलला. आता एकच, "असाइनमेंट पूर्ण झाली" का "असाइनमेंट पूर्ण झालं"? मी ती म्हणतो, रूममेट ते म्हणतो.

पाटीपेन्सिल:
ती. निबंध तो, वही ती, असाइनमेंट ती.

वर्गाबाहेरचा:
आम्ही तर ते असाइनमेंटच म्हणतो. सरळ "स्वाध्याय" लिहा, तो स्वाध्याय, वादच नको.

शेवटचा_बाक:
स्वाध्याय म्हटल्यावर धड्याखालचे प्रश्न डोळ्यांपुढे येतात, हॅश टेबल नाही येत. ती असाइनमेंटच ठेव.

वर्गाबाहेरचा:
मला नाही पटत पण ठीके.