स्वयंसेवकांना विचारताना ‘नाही’ म्हणण्याची सोय ठेवावी का? (सुट्टीच्या दिवशीचे रक्तदान शिबिर)

नवी_एचआर
आमच्या भोसरीतील कारखान्यात पुढच्या महिन्यात एका गुरुवारी, म्हणजे साप्ताहिक सुट्टीच्याच दिवशी, रक्तदान शिबिर ठरले आहे. कार्यालय आणि शॉप फ्लोअर मिळून १४० जणांना स्वयंसेवक म्हणून याल का, असे विचारण्याचे काम माझ्याकडे आहे. मसुद्यात मी नेमके किती तास लागतील हे लिहिले होते आणि नकार कळवण्याची सोपी सोयही दिली होती. साहेबांनी दोन्ही ओळी खोडल्या. त्यांचे म्हणणे असे की तास सांगितले की लोक बिचकतात आणि ‘नाही’ लिहून दिले की लोक तेच निवडतात. आपले मत काय?

शिबिरकरी
गेली बरीच वर्षे मी निरनिराळ्या ठिकाणी शिबिरांची आखणी केली आहे, आणि माझे मत आपल्या साहेबांच्या नेमके विरुद्ध आहे. तास सांगितल्याने लोक बिचकत असतील, तर ते तास जास्त आहेत किंवा त्यांची विभागणी झालेली नाही, असा त्याचा अर्थ होतो. ते लपवल्याने कमी होत नाहीत.

एका शिबिरात आम्ही ‘सकाळी थोडा वेळ द्यावा’ असे लिहिले होते. अकरा नावे आली आणि आम्ही खूश झालो. साडेअकराला पाहतो तर चार जण उरलेले. एकाला मुलाला शाळेतून आणायचे होते, दुसऱ्याने ‘थोडा वेळ’ म्हणजे तासभर असे धरले होते, आणि कोणीही खोटे वागले नव्हते. त्याच वेळी एक रक्तदाता खाटेवरून उठून चहाच्या टेबलाकडे निघाला आणि वाटेतच घेरी येऊन खाली बसला. त्या आठ-दहा पावलांत सोबत करणे हेच एका स्वयंसेवकाचे काम होते, आणि ती जागा तेव्हा रिकामी होती. डॉक्टर जवळ असल्यामुळे निभावले.

म्हणून आधी हिशेब मांडावा. समजा चार खाटा आहेत. दात्याचे येणे, रक्त काढणे आणि उठणे धरून एका खाटेवर तासाला साधारण तीन जण होतात, म्हणजे चार खाटांवर बारा. साठ दाते अपेक्षित असतील तर पाच तास लागतील, म्हणजे नऊ ते दोन. स्वयंसेवकाचे तास मात्र यापेक्षा वेगळे असतात, कारण रक्तपेढीचे पथक आठच्या सुमारास सामान उतरवते, आणि शेवटचा दाता पंधरा मिनिटे बसून निघेपर्यंत व टेबले उचलेपर्यंत पावणेतीन होतात. हे पावणेसात तास एका माणसाकडून मागितले तर तो नाही म्हणेलच. त्याऐवजी आठ ते साडेअकरा आणि सव्वाअकरा ते पावणेतीन अशा साडेतीन तासांच्या दोन पाळ्या कराव्यात, आणि मधला पाव तास दोन्ही पाळ्या एकत्र असाव्यात. नोंदणीला दोघे, अल्पोपाहाराला दोघे आणि दात्यांच्या सोबतीला एक, अशा पाच जागा धरल्या तर दोन पाळ्यांना दहा माणसे लागतील, आणि दोन राखीव. आपल्याला १४० नव्हे, बारा ‘हो’ हवे आहेत, हे साहेबांना एकदा दाखवावे.

मजकूर मी असा लिहीन: ‘गुरुवारच्या रक्तदान शिबिरासाठी बारा स्वयंसेवक हवे आहेत. प्रत्येकी एकच पाळी, साडेतीन तास, बसून किंवा उभ्याने करण्याचे काम. कोणते ते आपण निवडावे. जमणार असेल तर सोमवारी संध्याकाळपर्यंत कळवावे. जमणार नसेल तर काहीही कळवण्याची गरज नाही. कारण विचारले जाणार नाही आणि पुन्हा आठवणही केली जाणार नाही.’ यात ‘नाही’चा पर्याय निवडण्याची वेळच येत नाही, कारण गप्प राहणे हाच नकार ठरतो.

विभागप्रमुख
वरचा हिशेब मला मान्य आहे, पण ‘गप्प राहणे म्हणजे नकार’ हे कागदावर जितके सभ्य दिसते तितके व्यवहारात न्याय्य नाही. माझ्या विभागात बावीस माणसे आहेत. अशी मोकळीक दिली की दर वेळी तेच चौघे पुढे येतात. सुरक्षा सप्ताह असो, दसऱ्याची यंत्रपूजा असो, शिबिर असो, तीच चार नावे. बाकीचे अठरा ‘गरज नाही म्हटलेच होते’ असे म्हणून घरी राहतात. दोन वर्षांनी त्या चौघांपैकी दोघे कंटाळले आणि तिसऱ्याने मला सरळ विचारले, ‘साहेब, चांगुलपणाचा दंड किती दिवस भरायचा?’

म्हणून मी आता विभागवार पाळी लावतो. या वेळी तुम्ही तिघे, पुढच्या वेळी दुसरे तिघे. ज्याला खरोखर अडचण असेल त्याने येऊन सांगावे, मी कोणाला अडवत नाही. भार वाटला जावा, एवढाच माझा आग्रह आहे.

लेखाविभाग
‘येऊन सांगावे, मी अडवत नाही’ हे वाक्य सांगणाऱ्याला जितके सोपे वाटते तितके ऐकणाऱ्याला वाटत नाही, एवढे आधी नोंदवते.

माझ्या पूर्वीच्या नोकरीत वर्धापनदिनासाठी एक कागद पॅडला लावून टेबलांवरून फिरवला जायचा. त्यावर नाव, हो, नाही आणि शेवटी ‘कारण’ असे चार रकाने असायचे. कागद माझ्यापर्यंत यायचा तेव्हा वरची सात-आठ उत्तरे आधीच वाचायला मिळायची. एकाने लिहिले होते, ‘आईची केमो’. ते आम्ही सगळ्यांनी वाचले, आणि त्याला ते आम्हांला सांगायचे होते असे मला आजही वाटत नाही. माझे कारण साधे होते: आठवड्यातला एकच दिवस मला घरी हवा होता. पण त्या ओळीखाली ‘घरी राहायचे आहे’ असे लिहिण्याचा धीर झाला नाही, म्हणून ‘हो’ लिहिले आणि पाच तास रांगोळी व स्वागताच्या टेबलावर काढले. रांगोळीला बायकाच का, हा वेगळा विषय आहे. तो इथे काढत नाही.

तात्पर्य इतकेच, की कारणाचा रकाना ठेवला की नकाराची परीक्षा सुरू होते. शिवाय उत्तर विभागप्रमुखाकडे न जाता त्याच्याशी कामाचा संबंध नसलेल्या एखाद्या व्यक्तीकडे जावे. पगारवाढीचा अभिप्राय जो लिहितो त्यालाच ‘नाही’ सांगायचे असेल तर ते सोपे कसे होणार?

रक्तगट_ओ
मला मूळ प्रश्नच पटला नाही. रक्तदानाला ‘नाही’ म्हणण्याची सोय असावीच लागते, त्यात चर्चा कसली? हिमोग्लोबिन साडेबाराच्या खाली असेल, वजन ४५ किलोपेक्षा कमी असेल, किंवा पुरुषाने तीन महिन्यांत आणि स्त्रीने चार महिन्यांत आधी रक्त दिले असेल, तर पथकच परत पाठवते. साहेब जबरदस्ती करत असतील तर ते चूक आहे. मी स्वतः वर्षातून तीनदा देतो आणि मला कधी कोणी बळेच नेलेले नाही.

शिबिरकरी
@रक्तगट_ओ, प्रश्न रक्त देण्याचा नाही. टेबलावर बसण्याचा आणि दात्यांना सोबत करण्याचा आहे. पण आपल्या गैरसमजामुळे एक गोष्ट आठवली, जी मी आधी लिहायला हवी होती. ‘रक्तदान करणार का’ आणि ‘स्वयंसेवक म्हणून येणार का’ हे दोन प्रश्न एकाच फॉर्मवर कधीही ठेवू नयेत. एका ठिकाणी ते एकत्र होते, आणि एक जण फक्त स्वयंसेवक झाला म्हणताच ‘रक्त का नाही देत?’ अशी कुजबुज सुरू झाली. त्याला एखादे औषध चालू असेल, कावीळ होऊन गेली असेल; ते कार्यालयाला कळण्याचे कारण नाही. दाता म्हणून नोंदणी थेट रक्तपेढीच्या टेबलावर, त्याच दिवशी व्हावी.

दुसरे असे की ज्या स्वयंसेवकाला रक्तही द्यायचे आहे त्याने ते आपली पाळी संपल्यावर द्यावे. आधी देऊन मग पाण्याचे जार उचलणारे उत्साही लोक मी पाहिले आहेत.

@विभागप्रमुख, तेच चौघे येतात हे आपले निरीक्षण खरे आहे; मीही तेच पाहतो. त्यावर माझा उपाय एवढाच, की मागच्या वेळी आलेल्यांना पहिले चार दिवस विचारायचेच नाही. मजकूर फक्त उरलेल्यांना जातो, आणि जागा भरल्या नाहीत तरच जुन्यांकडे वळायचे. त्याने दर वेळी दोन-तीन तरी नवे चेहरे येतात. सगळा भार वाटला जातो असा दावा मी करणार नाही.

दुसरी_पाळी
साडेतीन तास, साडेतीन तास असे सगळे म्हणत आहेत, पण बसचे कोणी विचारले का? गुरुवारी कंपनीची बस नसते. कार्यक्रमासाठी सोडलीच तर सकाळी एक आणणार आणि तीनला एक नेणार. मी आळंदीच्या पुढून येतो. पहिली पाळी साडेअकराला संपली तरी मला तीनपर्यंत तिथेच बसावे लागेल. सातला घर सोडायचे आणि चारला परतायचे. माझे साडेतीन तास नाहीत, नऊ आहेत.

आणि गुरुवार हा आमच्यासाठी नुसता आरामाचा दिवस नाही. आमच्या सुट्टीला बँक, तलाठी कार्यालय, दवाखाना सगळे चालू असते, म्हणून ती कामे त्याच दिवशी होतात. शॉप फ्लोअरवरच्या माणसाला सुट्टीच्या दिवशी कामावर बोलावले की बदली सुट्टी किंवा दुप्पट दराचे पैसे यांचा प्रश्न येतो. ‘स्वेच्छा’ हा शब्द घातला की तो प्रश्न मिटतो का? सी-ऑफ द्या, मग बघा बारा कसे मिळत नाहीत.

विभागप्रमुख
सी-ऑफ दिला की ती स्वेच्छा राहत नाही, ड्यूटीच होते. मग पंचिंग आले, आणि उद्या प्रत्येक कार्यक्रमाला तोच दर लागेल.

लेखाविभाग
आणि दिला नाही तर ती बिनपगारी ड्यूटी होते. पंचिंग असलेले बरे. त्या दिवशी आवारात कोणाला इजा झाली तर तो तिथे कोणत्या नात्याने होता याची निदान नोंद तरी राहील.

शिबिरकरी
सी-ऑफबाबत मी स्वतः दोन्ही प्रकार पाहिले आहेत आणि अजून एका बाजूला आलेलो नाही. बसचा मुद्दा मात्र शंभर टक्के बरोबर आहे, आणि माझ्या मजकुरात तो नव्हता. साडेअकराला निदान एक लहान गाडी परत जायला हवी, नाहीतर ‘साडेतीन तास’ हे कार्यालयातल्या दुचाकीवाल्यांपुरतेच खरे ठरते.

नवी_एचआर
सर्वांचे आभार. हिशेब, दोन पाळ्या आणि साडेअकराची गाडी एवढे लिहून साहेबांना पुन्हा दाखवले. तास ठेवण्यास त्यांनी मान्यता दिली; ‘काहीही कळवण्याची गरज नाही’ हे वाक्य त्यांना अजूनही खटकत होते, पण शेवटी ‘पाहू’ म्हणाले. उत्तरे विभागप्रमुखांकडे न जाता थेट माझ्याकडे येतील असे ठरले.

सोमवारी संध्याकाळपर्यंत नऊ होकार आले, त्यांतले पाच जण पूर्वी कधीही पुढे न आलेले. पहिल्या पाळीला सहा आणि दुसरीला तीन, म्हणजे दुपारच्या दोन जागा व राखीव माणसे अजून भरायची आहेत. सी-ऑफचे उत्तर वरून आलेले नाही. आज सकाळी साहेबांनी, फक्त माहितीसाठी म्हणून, ज्यांनी काहीच कळवले नाही अशा १३१ जणांची विभागवार यादी मागितली आहे. मी अजून पाठवलेली नाही.

लेखाविभाग
पाठवू नका. नऊ नावे पाठवा आणि किती जागा रिकाम्या आहेत ते लिहा.

विभागप्रमुख
यादी न मागताही ती त्यांच्याकडे आहेच. १४० मधून नऊ वजा केले की झाले. तरी मीही ती माझ्या हाताने पाठवली नसती.