कुत्रीच्या तोंडातील मेलानोमा: जबड्याच्या शस्त्रक्रियेआधी लिंफ नोडची तपासणी करावी का?

मृणाल_नाशिक

आमच्याकडे ११ वर्षांची कॉकर स्पॅनियल मादी आहे. तिच्या तोंडाला वास येऊ लागला आणि पाणी पिऊन झाल्यावर भांड्यातल्या पाण्याला लालसर छटा दिसू लागली, म्हणून डॉक्टरांकडे नेले. डाव्या खालच्या जबड्यात, सुळ्याच्या मागच्या हिरडीवर २.६ सेंटीमीटरची गाठ निघाली. तिचा अर्धा भाग काळा, अर्धा गुलाबी आहे. बायोप्सीत मॅलिग्नंट मेलानोमा आला असून पेशीविभाजने दहा फील्डमध्ये ९, असे अहवालात लिहिले आहे. छातीचा एक्स-रे स्वच्छ आहे.

डॉक्टरांनी जबड्याखालचे लिंफ नोड हाताने चाचपले आणि ते वाढलेले नाहीत म्हणून आजार दुसऱ्या टप्प्यात धरला. गाठीसह डाव्या जबड्याचा तेवढा भाग काढावा, असा त्यांचा सल्ला आहे. नोड हाताला मोठे लागत नसतील तरी त्यांची तपासणी करून घ्यावी का? शस्त्रक्रियेऐवजी रेडिएशन पुरेल का? आणि किती काळ मिळेल, याचे प्रामाणिक उत्तर हवे आहे, कारण एकाने दोन महिने सांगितले आणि दुसऱ्याने दोन वर्षे.

सतीश कु.

नोड वाढलेले नाहीत म्हणजे आजार अजून पसरलेला नाही. तपासण्यांमध्ये आठवडे घालवू नका, ही गाठ झपाट्याने वाढते. आधी शस्त्रक्रिया उरकून घ्या, बाकीचे नंतर पाहता येईल.

रेवा_आणि_ब्रूनो

एवढ्या घाबरू नका. आमच्या लॅब्रेडॉरच्या पाठीवरही काळी गाठ होती आणि अहवालात मेलानोसायटिक असाच शब्द होता. गाठ काढली आणि त्यानंतर तो चार वर्षे ठणठणीत आहे. जबडा कापण्याच्या आधी दुसऱ्या डॉक्टरांचे मत अवश्य घ्या.

पशुशल्य

मी पशुशल्यचिकित्सक आहे. रेवाताई, ब्रूनोचे वाचून बरे वाटले, पण केसाळ त्वचेवरच्या अशा गाठी बहुतेक वेळा सौम्य असतात आणि तोंडातल्या बहुतेक वेळा नसतात. ब्रूनोवरून या कुत्रीचा अंदाज बांधता येणार नाही. त्यात दहा फील्डमध्ये ४ किंवा त्याहून अधिक विभाजने हा वाईट बाजूचा संकेत मानतात, आणि इथे ती ९ आहेत.

सतीशराव, घाई करावी हे तुमचे म्हणणे योग्य आहे, पण नोडबद्दलचे नाही. तोंडाच्या मेलानोमाच्या १०० कुत्र्यांवरचा एक अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. त्यात ज्यांचे नोड आकाराने सामान्य होते, अशा कुत्र्यांपैकी सुमारे ४० टक्क्यांच्या नोडमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली मेलानोमा सापडला, आणि उलट, वाढलेल्या नोडपैकी बरेच निव्वळ दाहामुळे वाढलेले निघाले. तोंडात किडलेले दात आणि व्रण असले की नोड सुजणारच. म्हणून बोटांनी चाचपून ठरवलेला टप्पा मी कच्चाच धरतो.

आता प्रत्यक्ष काय करावे, ते सांगतो. जबड्याखालच्या दोन्ही बाजूंच्या नोडमधून सुईने नमुना घ्यावा, फक्त डाव्या बाजूचा पुरेसा नाही, कारण या भागातला निचरा कधी कधी मध्यरेषा ओलांडून पलीकडे जातो. घशामागचे नोड खोल असल्यामुळे हाताला लागत नाहीत, त्यांच्यासाठी सीटी लागते. जबड्याचे हाड किती पोखरले आहे हेही सीटीतच कळते, म्हणून एकाच भुलीत डोके, मान आणि छाती करून घ्यावी. सुईच्या नमुन्यातही एक अडचण असते. नोडमधल्या सफाई करणाऱ्या पेशी गाठीतून आलेले काळे रंगद्रव्य गिळून बसतात आणि काचपट्टीवर त्या मेलानोमाच्या पेशींसारख्याच दिसतात. शंका राहिली तर जबड्याच्या शस्त्रक्रियेतच नोड काढून पॅथॉलॉजिस्टकडे पाठवावा. तिथे रंग उडवून पेशी नीट पाहता येतात.

आयुर्मानाबद्दल सांगायचे तर, तुम्हाला मिळालेले दोन्ही आकडे कुठून आले असतील हे मला कळते. उपचारच झाले नाहीत, तर मध्यक साधारण दोन महिने असतो. जुन्या पुस्तकांत शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या टप्प्याला पाच-सहा महिने दिलेले असत. २०१४ च्या दोन अभ्यासांपैकी १५१ कुत्र्यांच्या अभ्यासात एकूण मध्यक साडेअकरा महिन्यांच्या आसपास आला. दुसऱ्यात, म्हणजे बरे करण्याच्या हेतूने गाठ काढलेल्या ७० कुत्र्यांमध्ये, तो जवळपास दोन वर्षे होता. मात्र त्याच अभ्यासात दुसऱ्या टप्प्याचा मध्यक ८१८ दिवस आणि तिसऱ्याचा २०७ दिवस होता. नोडमध्ये आजार पोचला की कुत्रे तिसऱ्या टप्प्यात जाते, गाठ कितीही लहान असो. म्हणून तुमच्या तिन्ही प्रश्नांपैकी नोडचा प्रश्न आधी सुटला पाहिजे. आणि मध्यकाचा अर्थ निम्मी कुत्री त्याहून कमी जगली, असाही होतो.

आनंद, लीड्स

रेडिएशनचा अनुभव सांगतो. आमच्या कुत्र्याची गाठ वरच्या जबड्यात इतकी मागे होती की सर्जननी हात लावायला नकार दिला. आठवड्यातून एकदा, असे चार मोठे डोस दिले आणि प्रत्येक वेळी थोडी भूल लागली. गाठ जवळजवळ विरघळली, तो पुन्हा खाऊ लागला. काही दिवस तोंड आतून सोलवटल्यासारखे झाले होते आणि त्या बाजूच्या गालावरचे केस पांढरे आले. पण पुढे आजार फुप्फुसांत गेला आणि सात महिन्यांनी तो गेला. तोंडातली गाठ शेवटपर्यंत परत आली नाही.

पशुशल्य

आनंदराव, हा अनुभव नमुनेदारच आहे. मेलानोमा रेडिएशनला दाद देतो, बहुतेक गाठी लहान होतात आणि अनेक पूर्ण दिसेनाशा होतात. तरीही १४० कुत्र्यांच्या एका मालिकेत मध्यक सातच महिने होता, कारण मृत्यू बहुधा दूर पसरलेल्या आजाराने येतो. तेव्हा स्वच्छ कडांसह काढता येईल अशी खालच्या जबड्याची गाठ असेल, तर मी आधी शस्त्रक्रियाच सुचवेन. कडेला पेशी उरल्या किंवा गाठ काढताच येत नसेल, तर रेडिएशन. कार्बोप्लॅटिनने मोजता येण्याजोगी गाठ लहान होते ती साधारण चारपैकी एका कुत्र्यात, आणि शस्त्रक्रियेनंतर ते दिल्याने आयुष्य वाढते असे ठामपणे दाखवता आलेले नाही.

मृणाल_नाशिक

सर्वांचे आभार. सुईने दोन्ही बाजूंचे नमुने घेतले. उजवा स्वच्छ आला. डाव्याच्या अहवालात रंगद्रव्ययुक्त पेशी मोजक्या, मेलानोमा नाकारता येत नाही, असे आहे. सीटीत छाती स्वच्छ आहे, घशामागचा डावा नोड किंचित मोठा दिसतो आणि गाठीखालचे हाड थोडे झिजले आहे. आमच्या डॉक्टरांचे म्हणणे असे की नोड नक्की बाधित असेल, तर एवढा जबडा कापण्यात अर्थ नाही.

पशुशल्य

इथे माझे मत त्यांच्याहून वेगळे आहे. तिसऱ्या टप्प्यातही तोंडातली गाठ सडते, रक्त येते आणि खाणे बंद होते, आणि पुष्कळदा याच कारणाने कुत्र्याला निरोप द्यावा लागतो. अशा एका बाजूच्या भागाच्या शस्त्रक्रियेनंतर बहुतेक कुत्री काही दिवसांतच मऊ अन्न आपण होऊन खाऊ लागतात. जीभ बाजूला लोंबते आणि लाळ गळते, हे मात्र राहते. मी गाठीबरोबर डावीकडचे दोन्ही नोड एकाच भुलीत काढेन. पण नोड बाधित निघाला, तर २०७ दिवसांचाच आकडा समोर ठेवून तुम्ही ठरवा.

सतीश कु.

घशामागच्या नोडचाही नमुना आधी अल्ट्रासाउंडखाली सुईने घेता येणार नाही का? म्हणजे तो बाधित निघाला तर एवढे कापणे वाचेल.

मृणाल_नाशिक

सीटी झाल्यावर तोही प्रयत्न केला, पण नमुन्यात रक्तच जास्त आले आणि निदान करण्याइतक्या पेशी मिळाल्या नाहीत. डॉक्टर पुन्हा सुई घालायला तयार आहेत. त्यासाठी आणखी एक भूल द्यावी, की थेट नोड काढण्यासह शस्त्रक्रिया करावी, हे अजून ठरलेले नाही.