मदत हवी आहे : शेवट काहींना आधीच कळतो, बाकीच्यांना दुसऱ्यांदा पाहताना फसवल्यासारखं वाटतं (१२ मिनिटांची शॉर्टफिल्म)

उन्हाळी_रीळ
नमस्कार मंडळी. प्रताप नगरातल्या एका स्वतंत्र घरात मे महिन्यात १२ मिनिटांची शॉर्टफिल्म शूट करायची आहे. त्याआधी चाचणी म्हणून मोबाईलवर सगळी शूट करून रफ कट लावला. अडचण त्यात दिसली.

गोष्ट अशी. भर दुपारी कूलरवाला घराच्या बाजूच्या बोळीतून येतो. कूलर खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर आहे. शेजारच्या झडपेतून त्याला आत घरमालक दिसतो. पंप पाहणं, पाणी देणं, पैसे देणं, थोड्या गप्पा. शेवटी कळतं की आतला माणूस घरमालक नाही, चोर आहे.

सध्या खुणा अशा आहेत: त्याला कूलरचं बटण सापडत नाही, भिंतीवरच्या कुटुंबाच्या फोटोचा क्लोजअप, त्यात तो नाही, तो पाणी देवघरातल्या तांब्यातून देतो, साडेतीनशेच्या कामाला पाचशेची नोट देऊन 'राहू द्या' म्हणतो. सुरुवातीला तो सोफ्यावर आरामात पेपर वाचतोय असा शॉट आहे, म्हणजे तो मालक वाटेल. फिल्मचं नाव 'घरमालक'.

सहा जणांना दाखवली. तिघांनी चौथ्या मिनिटालाच ओळखलं. उरलेल्या तिघांना धक्का बसला, पण लगेच दुसऱ्यांदा दाखवल्यावर 'हे काही खरं नाही' म्हणाले. आता खुणा वाढवू की कमी करू?

बर्डीवाला
कमी करा. दोनच ठेवा. आणि शेवटी फ्लॅशबॅकमध्ये सगळ्या खुणा भराभर परत दाखवा, म्हणजे फसवलं असं कोणी म्हणणार नाही. नाव मात्र आजच बदला भाऊ. 'घरमालक' वाचलं की माणूस पहिल्या शॉटपासून मालक कोण हेच शोधत बसतो.

कात्री_आणि_टेप
नावाबद्दल बर्डीवाल्यांचं अगदी बरोबर आहे. खुणांच्या संख्येबद्दल मात्र पटत नाही. तुमच्या दोन तक्रारी दोन वेगळ्या चुकांमुळे आल्यात, आणि संख्या कमी-जास्त करून दोन्ही सुटणार नाहीत.

फसवल्याची तक्रार त्या पेपरच्या शॉटमुळे आहे. तिथे तो एकटा आहे. ज्याला दाखवायचं असा कोणी नाही, तरी तो मालकासारखा वागतोय. मग कोणासाठी? फक्त प्रेक्षकासाठी. म्हणजे खोटं पात्र बोलत नाही, कॅमेरा बोलतोय. पात्राने पात्राशी खोटं बोललेलं प्रेक्षक आनंदाने माफ करतो, कॅमेऱ्याचं खोटं करत नाही. हिचकॉकने १९५० च्या 'स्टेज फ्राइट'मध्ये सुरुवातीलाच एक खोटा फ्लॅशबॅक दाखवला होता, आणि ती आपली चूक होती असं पुढे स्वतःच मान्य केलं. तुमचा पेपर त्याच जातीचा आहे. काढून टाका.

फिल्म कूलरवाल्यापासून सुरू करा आणि त्याच्यासोबतच राहा. त्याला जेवढं दिसतं, ऐकू येतं, तेवढंच आपल्याला. आतला माणूस एकटा असताना कॅमेरा आत जायचाच नाही.

मग एक काम करा, याला अर्धा दिवस लागेल. हीच गोष्ट चोराच्या बाजूने पुन्हा लिहा, मिनिटागणिक. तो कुठून शिरला? कूलरवाला आला तेव्हा कपाटाशी होता की स्वयंपाकघरात? पळून का गेला नाही? माझ्या मते उत्तर तुमच्याच मांडणीत आहे: झडपेतून नजरानजर झाली. आता पळाला तर बोंब होईल, म्हणून 'हो हो, या' म्हणावंच लागलं. तिथून पुढे त्याला एकच हवंय, कूलरवाल्याने लवकर जावं. प्रत्येक वाक्य या कसोटीवर घासा. 'थोड्या गप्पा' म्हणता, त्या गप्पा तो का मारेल? गप्पा कूलरवाल्याने माराव्यात, याने 'हं, हं' करावं. पहिल्यांदा पाहताना तो तुसडा वाटेल, दुसऱ्यांदा घाबरलेला.

रामटेकी
माझ्याही स्क्रिप्टमध्ये हीच अडचण आहे. नायक शेवटी भूत निघतो. आधी सगळे त्याच्याशी नीट बोलतात. तिथे काय करावं?

कात्री_आणि_टेप
रामटेकी, 'सगळे बोलतात' हाच तुमचा पेपरचा शॉट आहे. जो भूत नाही तो त्याच्याशी का बोलेल याचं उत्तर प्रत्येक प्रसंगात हवं. स्वतंत्र धागा काढा, तिथे सविस्तर बोलू. इथे कूलर संपवू.

खसताटी
मला फिल्ममधलं फार कळत नाही, कूलरमधलं कळतं. तुमचा पंप नक्की काय बिघडलाय ते लिहिलं नाही. आपल्याकडच्या पाण्यात क्षार जास्त, त्यामुळे नव्वद टक्के वेळा पंपाची जाळी आणि पंखुडी पांढऱ्या थराने जाम झालेली असते. साफ केली की चालतो. कोणताही शहाणा मिस्त्री टाकीत हात घालण्याआधी म्हणेल, 'साहेब, आतून प्लग काढा'. बटण बंद करून भागत नाही, वायरिंग उलटं असलं तर बटण बंद असूनही टाकीत करंट राहू शकतो. दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात, हे दाखवताना तरी चुकू नका.

आणि दुसरं, मिस्त्री फोन केल्याशिवाय येतच नाही बाप्पा. 'निघालो, घरी आहात ना?' एवढं विचारतोच. मग तुमच्या खऱ्या मालकाने काय सांगितलं?

उन्हाळी_रीळ
खसताटी, फोनचा विचारच केला नव्हता. हे तर भगदाडच आहे.

कात्री_आणि_टेप
भगदाड खरं, पण तुमची सर्वात चांगली खूण त्यातूनच निघेल. कूलरवाल्याने सकाळी फोन केला होता, मालक 'दुपारी या' म्हणाले होते. मग त्यांना अचानक गावाला निघावं लागलं. आता मालकच त्याला फोन करताहेत. चौथ्या मिनिटाच्या आसपास त्याचा खिशातला मोबाईल थरथरतो. दोन्ही हात टाकीत, कोपरापर्यंत ओले. तो 'नंतर पाहू' म्हणतो आणि पंखुडी खरवडत राहतो. कोणालाच शंका येणार नाही, कारण ओल्या हाताने फोन न उचलणं हे रोजचं आहे. दुसऱ्यांदा पाहणाऱ्याला मात्र कळतं की त्या क्षणी पलीकडे कोण होतं.

चांगली खूण अशी असते. पहिल्या वेळेला तिचं स्वतःचं, पुरेसं, साधं कारण असतं. कागदावर तीन रकाने आखा: काय दिसतं, पहिल्यांदा पाहणारा काय समजेल, खरं काय. मधला रकाना रिकामा राहिला तर ती खूण ओरडते. तुमचा फोटोचा क्लोजअप घ्या. पहिल्यांदा पाहणाऱ्याने त्याचा काय अर्थ लावायचा? काहीच नाही. कॅमेरा कारण नसताना फोटोवर गेला म्हणून तिघांनी ओळखलं. फोटो ठेवा, पण मागच्या भिंतीवर, वाइड शॉटमध्ये, आणि पुढे माणूस पाणी घेऊन चालत येत असताना. डोळा हलत्या गोष्टीकडे जातो.

प्लगचंही तसंच. कूलरवाला बाहेरून ओरडतो, 'प्लग काढा'. आत ट्यूबलाइट पेटते. मग पंखा बंद होतो. मग 'काढला' असा आवाज. हे सगळं बाहेरून, झडपेतून दिसतं तेवढंच. कूलरवाल्याने वैतागून 'अहो, खालचा, खालचा' म्हणावं. पहिल्यांदा पाहणारा म्हणेल, घरातली कामं कधी न केलेला पुरुष आहे. असे घरोघरी असतात, म्हणून ते लगेच पटतं.

उन्हाळी_रीळ
तांब्या ठेवू का? त्यात तुळशीचं पान तरंगताना दाखवलं होतं, साधारण तीन सेकंद.

कात्री_आणि_टेप
तांब्या सुरेख आहे. स्वयंपाकघरात पेले कुठे हे त्याला ठाऊक नाही, देवघर समोर दिसलं, भरलेला तांब्या उचलला. पण तीन सेकंद म्हणजे ७२ फ्रेम, तेवढ्यात प्रेक्षक विचार करून मोकळा होतो. इन्सर्ट काढा. कूलरवाला तांब्या घेतो, पान दिसलं म्हणून कपाळाला लावतो, वरून धार धरून पितो, सगळं एकाच मिडशॉटमध्ये. त्याने त्यावर एक शब्दही बोलू नये. 'देवाचं दिसतंय' असं म्हणाला की संपलं.

पाचशेची नोट आठव्या मिनिटानंतर ठेवा आणि तिच्या आधी प्रेक्षकाला दुसरा संशय द्या. खसताटींनी तो दिलाच आहे. पंप साफ करून चालण्यासारखा आहे, तरी कूलरवाला 'बदलावा लागेल' म्हणतो. प्रेक्षक त्याच्यावर नजर ठेवतो, लुबाडतोय का म्हणून. मग 'राहू द्या' हे वाक्य भोळ्या गिऱ्हाइकाचं वाटतं. एक अट आहे. हा संशयही फिल्ममध्ये खरा सुटला पाहिजे. एकतर तो खरंच लुबाडतोय, किंवा पंखुडी तुटलेली दिसते. अधांतरी सोडलात तर दुसऱ्यांदा पाहणारा त्यालाच फसवणूक म्हणेल.

खसताटी
लुबाडणारा नका दाखवू राजेहो. मिस्त्री लोकांना आधीच सगळे चोर समजतात. पंखुडी तुटलेली दाखवा.

बर्डीवाला
मला अजूनही फ्लॅशबॅक हवा. फेस्टिव्हलचा प्रेक्षक एकदाच पाहतो. त्याला खुणा आठवणार कशा?

कात्री_आणि_टेप
एकदाच पाहणाऱ्याला सगळ्या खुणा आठवायची गरज नाही. एक आठवली की बाकीच्या तो घरी जाताना जोडतो. म्हणून उलगडा अशा गोष्टीतून करा की ती एक आपोआप आठवेल. कूलरवाला स्कूटरपाशी येतो, हात पुसतो, मिस्ड कॉल पाहून फोन लावतो. पलीकडून, मागे रेल्वेच्या घोषणेचा आवाज: 'भाऊ, आज येऊ नका, आम्ही गावाला निघालो, घराला कुलूप आहे.' तो हातातल्या नोटेकडे पाहतो. मागे कूलर चालू आहे. साडेदहा मिनिटांनंतर हे यावं, आणि त्यानंतर दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त थांबू नये.

संत्रागल्ली
फोन कशाला? तो पुढच्या दारासमोरून निघतो आणि दाराला बाहेरून कुलूप दिसतं. एक शब्दही नको. मला हे जास्त आवडेल. येताना बोळीतून आलाय, त्यामुळे दार आधी दिसलेलं नाही.

कात्री_आणि_टेप
कुलूप दिसायला उत्तम, हे मान्य. धोका एवढाच की काहींना वाटेल कोणीतरी त्या माणसाला आत कोंडून ठेवलंय, आणि गोष्ट वेगळ्याच वाटेला जाईल. मी फोन घेईन, पण हे दोन्ही शूट करून दाखवून ठरवण्यासारखं आहे.

दाखवताना पुन्हा त्याच सहा जणांना बसवू नका, ते बाद झाले. नवे सहा घ्या, आणि 'शेवटी धक्का आहे' हे सांगू नका, नाहीतर सगळे हेर होऊन बसतात. मध्ये थांबवून विचारू नका. संपल्यावर आधी 'गोष्ट सांगा' म्हणा, मग 'तो माणूस कोण आहे हे कधी वाटलं' ते विचारा. लगेच दुसऱ्यांदा लावा आणि जिथे खोटं वाटेल तिथे हात वर करायला सांगा. त्या जागेचा टाइमकोड लिहून घ्या. एखाद-दुसऱ्याने आधी ओळखलं तर चालेल. दुसऱ्या वेळेला दोन हात एकाच जागी वर आले, तर तिथे चोराच्या बाजूची गोष्ट पुन्हा वाचा.

उन्हाळी_रीळ
सगळ्यांचे आभार. पेपर आणि फोटोचा क्लोजअप काढला, नाव सध्या 'पंप' ठेवलंय. चोराच्या बाजूने लिहायला बसलो आणि पहिल्याच ओळीवर अडलो. दाराला कुलूप आहे, तर तो शिरला मागच्या दाराने. मग पंप लावल्यावर 'आत येऊन हवा पाहतो' असं कूलरवाला म्हणाला तर?

खसताटी
म्हणेलच. हवा कशी येते ते आत उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

कात्री_आणि_टेप
मग म्हणू द्या. चोराने तिथे काय उत्तर द्यायचं ते सापडलं की तुमचं नववं मिनिट मिळालं. मला अजून सुचलेलं नाही.

संत्रागल्ली
'आत पूजा चालू आहे'? तांब्याशीही जुळतं.