मदत हवी आहे: मोबाइल गेमिंगचे व्हिडिओ टाकतो, पण बघणारे वाढत नाहीत. टायटल, थंबनेल की वेळ, नेमकं काय चुकतंय?

तापीकाठचा

नमस्कार मंडळी. मी चोपडा तालुक्यातला. बारावी झाली, आता कॉलेज करतो आणि फोनवर बीजीएमआय हा बंदुकांचा गेम खेळून त्याचे व्हिडिओ यूट्यूबवर टाकतो. बोलतो मराठीत, मधूनमधून अहिराणी येतेच. फोन ४ जीबी रॅमचा. रेकॉर्डिंग, एडिटिंग, अपलोड सगळं त्याच्यावरच, घरात कॉम्प्युटर नाही.

बहुतेक व्हिडिओंची टायटलं अशी असतात: "बीजीएमआय मराठी गेमप्ले | सोलो व्हर्सेस स्क्वाड | खान्देशी गेमर | भाग ४७". थंबनेलवर माझा फोटो, बंदूक, आग, चॅनलचं नाव आणि मोठ्या अक्षरात "खतरनाक". जमेल तसं रोज टाकायचा प्रयत्न असतो, पण आमच्याकडे लाइटीचा भरवसा नाही आणि रोजचा नेटपॅक एका अपलोडमध्येच संपतो.

यूट्यूब स्टुडिओतले आकडे देतो. परवाचा गेमप्ले १४ मिनिटांचा होता. इम्प्रेशन्स १,२००, क्लिक थ्रू रेट १.५ टक्के, व्ह्यूज ८३ आणि सरासरी बघण्याचा वेळ ५० सेकंद. मध्यंतरी फोन गरम होऊन गेम अडकतो त्यावर सहज ५ मिनिटांचा एक व्हिडिओ केला होता. त्याला इम्प्रेशन्स २,६००, क्लिक थ्रू रेट ६ टक्के, व्ह्यूज १९०, सरासरी २ मिनिटं २० सेकंद. तो मी टाइमपास म्हणून टाकला होता.

थंबनेल बदलू, टायटल बदलू की वेळ बदलू? आप्पा म्हणतात, "दिवाळीपर्यंत कर, मग कामाला लाग." म्हणून जरा घाई आहे.

रावेरचा_केळीवाला

भो, गेमिंगसाठी फोन घ्यायचा असेल तर रॅम ८ जीबीच्या खाली जाऊ नको. माझ्या पुतण्याने ६ चा घेतला आणि आता रडतो. बजेट किती आहे?

तापीकाठचा

काका, फोन घ्यायचा नाही हो. व्हिडिओ बघणारे वाढवायचेत.

गिरणा_एक्सप्रेस

माझं ऐक. रोज बरोबर संध्याकाळी ७ ला टाक, एकही दिवस चुकवू नको. खाडा झाला की अल्गोरिदम चॅनल मारतो. टॅग जास्तीत जास्त टाक आणि डिस्क्रिप्शनमध्ये मोठ्या गेमर लोकांची नावं भर. थंबनेलवर चेहरा मात्र हवाच, तोंड उघडं, डोळे मोठे. आणि गावातल्या सगळ्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिंक.

एडिटिंगवाला_जळगाव

मी इथे जळगावात लग्नाचे आणि यूट्यूबचे व्हिडिओ एडिट करतो, दोनतीन गेमिंग चॅनलांची थंबनेलं पण करतो. गिरणाभाऊंचं ठरलेल्या दिवशी टाकण्याचं म्हणणं चांगलं आहे, उघड्या तोंडाचं सोडून देऊ. पण आधी तुझेच आकडे बघ, त्यात उत्तर आहे.

१,२०० इम्प्रेशन्सचे दीड टक्के म्हणजे १८ क्लिक. व्ह्यूज मात्र ८३. वरचे ६५ कुठून आले? अॅनालिटिक्समध्ये ट्रॅफिक सोर्स उघड, बहुतेक "एक्स्टर्नल"मध्ये व्हॉट्सअॅप दिसेल. मित्रांनी तुझ्यासाठी लिंक दाबली, २० सेकंद बघितलं आणि मागे गेले. त्यांचा काही गुन्हा नाही, पण ५० सेकंदांची सरासरी त्यांनीच खाली ओढलेली असू शकते. म्हणजे ८३ हा आकडा बाजूला ठेव. यूट्यूबने १,२०० वेळा तुझं थंबनेल लोकांना दाखवलं आणि १८ जण थांबले, एवढीच खरी बातमी.

आता फोन गरम होण्याचा व्हिडिओ. ६ टक्के बघून लगेच उड्या मारू नको. तो सर्चमधून चालला असणार आणि सर्चमध्ये माणूस तेच शोधत आलेला असतो, त्यामुळे तिथे क्लिकचं प्रमाण जास्तच दिसतं. होम फीडमधल्या आकड्याशी त्याची तुलना करायची नाही. यूट्यूबच्या मदत पानावर लिहिलंय की निम्म्या चॅनल आणि व्हिडिओंचा हा दर २ ते १० टक्क्यांच्या मध्ये असतो, म्हणजे पट्टा केवढा मोठा आहे बघ. माझं लक्ष वेगळ्याच आकड्यावर गेलं. ५ मिनिटांतली २ मिनिटं २० सेकंद अनोळखी लोकांनी बघितली. तो टाइमपास नाही, तुझ्या चॅनलवर लोकांना हवी असलेली गोष्ट तीच आहे. ४ जीबीचा फोन, मे महिना, पत्र्याखालची खोली. हे तुझ्याकडे आहे, मोठ्या गेमरकडे नाही.

तापीकाठचा

ट्रॅफिक सोर्स बघितला दादा. गेमप्लेत व्हॉट्सअॅपच वरती आहे. गरम फोनवाल्यात सर्च. पण मग गेमप्ले बंदच करू का? मला खेळायला आवडतं.

एडिटिंगवाला_जळगाव

बंद कशाला? त्याच्यात एक प्रश्न घाल. "भाग ४७" बघून नवीन माणसाला वाटतं की आधीचे ४६ बघावे लागतील, तो पुढे जातो. आणि फोनवर टायटल मधेच कापलं जातं, म्हणून तुझं "खान्देशी गेमर" मागे आणि मुद्दा पुढे. तुझाच गरम फोनवाला व्हिडिओ घेऊ. समज नवीन टायटल: "४ जीबीच्या फोनवर बीजीएमआय अडकतो? चार्जर काढून आधी हे करा". पहिल्या चार शब्दांतच ज्याचा तसा फोन आहे त्याला कळतं की हे माझ्यासाठी.

थंबनेलवर तेच शब्द परत लिहायचे नाहीत. तिथे पुरावा दाखव. फोनच्या गेम मोडमध्ये एफपीएसचा, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम दिसतात त्याचा, आकडा दिसत असेल तर एकाच जागेचे दोन स्क्रीनशॉट घे, सेटिंगआधीचा आणि नंतरचा. दोन्हीत जॉयस्टिक, फायर बटण, मॅप हा सगळा पसारा कापून फक्त खेळाडू आणि आकडा ठेव. डाव्या अर्ध्यात कमी आकडा, उजव्यात जास्त, झालं. चॅनलचं नाव, आग, "खतरनाक" काढून टाक. उजव्या खालच्या कोपऱ्यात काही लिहू नको, तिथे व्हिडिओची लांबी येऊन बसते. साइज १२८० बाय ७२०. तयार झालं की गॅलरीत अंगठ्याच्या नखाएवढं लहान करून हात लांब धरून बघ. आकडा वाचता आला नाही तर अजून मोठा कर.

आणि जे थंबनेलवर आहे ते पहिल्या अर्ध्या मिनिटात दाखव. तुझ्या व्हिडिओत सुरुवातीला काय असतं?

तापीकाठचा

इंट्रो. मग नमस्कार, सबस्क्राइब करा, मग लॉबी.

एडिटिंगवाला_जळगाव

इंट्रो गेला. सरळ अडकलेली स्क्रीन दाखव, मग बोल.

गिरणा_एक्सप्रेस

दादा, पण "फ्री युसी", म्हणजे गेममधले पैसे फुकट, असं लिहिलेल्या थंबनेलला लाखो व्ह्यूज येतात की. ते कसं?

एडिटिंगवाला_जळगाव

येतात. आणि व्हिडिओ काढून टाकले जातात, कधी चॅनलला स्ट्राइक येते, कारण थंबनेल आणि आतला माल जुळत नाही हे यूट्यूबच्या नियमात बसत नाही. शिवाय मुलं त्या लिंकवर जाऊन आयडी गमावतात. त्या वाटेला जाऊ नको. डिस्क्रिप्शनमध्ये दुसऱ्यांची नावं भरणं पण तसंच, त्याचा उपयोग नाही आणि धोका आहे.

धुळ्याची_सुनंदा

मी गेमिंगमधली नाही. माझं स्वयंपाकाचं चॅनल आहे, कळण्याची भाकरी, शेवभाजी वगैरे. पण टाकण्याच्या दिवसाबद्दल सांगते. मी आधी मन येईल तेव्हा टाकायची. आता रविवार आणि बुधवार. फरक व्ह्यूजमध्ये लगेच पडला नाही, माझ्या डोक्यात पडला. शनिवारी दोन्ही रेकॉर्ड करते, मग आठवडाभर धावपळ नाही. बायकांच्या कमेंटी मात्र येतात, "ताई आज रविवार, आला नाही का?"

एडिटिंगवाला_जळगाव

सुनंदाताईंचं बरोबर. रोज हा आकडा कोणी दिला कोण जाणे. खाडा झाला म्हणून चॅनलला शिक्षा होते असं यूट्यूब स्वतः सांगत नाही, उलट कोणत्या वेळी टाकलं याने लांबच्या हिशोबात फारसा फरक पडत नाही असंच ते म्हणतात. पण माणूस दमतो हे खरं. तुझ्या नेटपॅकचा हिशोब कर. १०८०पीचा १२ मिनिटांचा व्हिडिओ १२ एमबीपीएसने सेव्ह केला तर साधारण १ जीबी होतो. रोज १.५ जीबी मिळत असेल तर रोज अपलोड केल्यावर बाकी कामाला फारसं काही उरत नाही. आठवड्यातून दोन, तेही ५ ते ८ मिनिटांचे. ७२०पीत रेकॉर्ड कर, रेकॉर्डरचा भार पण कमी होईल, फोन कमी तापेल.

आणि ७ ला टाकायचं म्हणजे ७ ला अपलोड सुरू करायचं नाही. अपलोड झाल्यावर सुरुवातीला व्हिडिओ धुरकटच दिसतो, एचडी नंतर तयार होते. रात्री लाइट असताना अपलोड करून शेड्यूल लावून ठेव, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आपोआप पब्लिक होईल. तोपर्यंत लाइट गेली तरी फरक नाही. ऑडियन्स टॅबमध्ये तुझे प्रेक्षक कधी ऑनलाइन असतात ते दिसतं, पण तुझ्यासारख्या लहान चॅनलला तो तक्ता बऱ्याचदा रिकामाच येतो. मग संध्याकाळच ठेव.

तापीकाठचा

जुन्या व्हिडिओंची थंबनेलं बदलू का?

एडिटिंगवाला_जळगाव

सगळी नको. ज्यांना इम्प्रेशन्स येतायत आणि क्लिक कमी आहेत ती बदल. आधी फक्त थंबनेल, आठवडाभराने टायटल, नाहीतर कशामुळे काय झालं ते कळणार नाही. १,२०० पैकी १८ चे ३० झाले तर लगेच नाचू नको, एवढ्या लहान आकड्यात सहज वरखाली होतं. आणि उद्या इम्प्रेशन्स दहापट झाले की टक्का घसरेल, कारण यूट्यूब तेव्हा तुला न ओळखणाऱ्यांना दाखवत असतो. व्ह्यूज आणि बघण्याचा वेळ वाढत असेल तर त्या घसरणीला घाबरू नको. तीन थंबनेलं एकमेकांशी तपासायची सोय यूट्यूबने दिलीय, पण ती कॉम्प्युटरवरून लावावी लागते आणि एवढ्या कमी इम्प्रेशन्सवर "निकाल नाही" असंच उत्तर येण्याची शक्यता जास्त.

रावेरचा_केळीवाला

टायटल अहिराणीत करा ना. आमच्याकडे सगळे ऐकतात. "मना फोन तपी गया" असं.

गिरणा_एक्सप्रेस

अहिराणी शोधणार कोण? सर्चमध्ये लोक हिंदी नाहीतर इंग्रजीतच टाइप करतात. हिंदी कर, देशभर जाईल.

एडिटिंगवाला_जळगाव

हिंदीत स्पर्धा पण देशभराची असते. माझं मत, टायटल मराठीत, बोलताना अहिराणी येऊ दे. पण हे मी पैजेवर सांगणार नाही. अहिराणी कॉमेडी चालते हे दिसतंय, सेटिंगचा व्हिडिओ चालेल का माहीत नाही. दोन व्हिडिओ करून बघ.

तापीकाठचा

गरम फोनवाल्याचं थंबनेल आजच करायला घेतलं. माझ्या फोनमध्ये गेम मोडला एफपीएसचा आकडा येतो, सुरुवातीला ३८ होता आणि चार्जर लावून २० मिनिटांनी २२. ग्राफिक्स स्मूथ केलं, फ्रेम रेट अल्ट्रावरून हाय केला, चार्जर आणि मागचं कव्हर काढलं, तर तीसच्या आसपास टिकतो, उड्या मारत नाही. पण दादा, मग "नंतर"चा आकडा सुरुवातीच्या ३८ पेक्षा कमीच दिसतो. थंबनेलवर डावीकडे २२ ठेवू की ३८?

एडिटिंगवाला_जळगाव

२२. अडकल्यानंतरचा तोच तुझा "आधी". ३८ बद्दल व्हिडिओत बोल, ते बोलशील तिथे लोक थांबतील. आणि पुढचा बुधवारचा व्हिडिओ कशावर आहे ते ठरलं का?

तापीकाठचा

रेकॉर्डिंग चालू ठेवून किती एफपीएस जातात ते मोजणार. शनिवारी करतो, लाइट राहिली तर.