मदत हवी आहे: 3000 मीटर स्टीपलचेसमध्ये वेग कसा वाटून घ्यायचा?

माणदेशी_पाय: मी दहिवडीचा, सराव साताऱ्यात करतो. फ्लॅट 3000 मीटर 9:12 मध्ये धावतो, पण स्टीपलचेसला 10:02 लागले. सुरुवातीचा तुकडा 43 सेकंद, मग सात लॅप असे: 74, 76, 79, 81, 83, 84, 82. दम शिल्लक होता, पाय संपले होते. वेग कुठे चुकतोय?

घाटवाला: यवतेश्वरच्या घाटात चढ धावत जा. हाफ मॅरेथॉनआधी मी तेच करतो, मांड्या भक्कम होतात.

रनर_कराड: सगळे लॅप सारखे ठेव. आणि पाण्यात पाय पडूच देऊ नकोस, जोर लावून पलीकडे उडी मार. माझ्या मते वेळ तिथेच जातो.

जुना_स्टीपलर: लॅप सारखे हवेत, हे बरोबर. पाणी पार करायचा हट्ट मात्र महागात पडतो. खड्डा 3.66 मीटरचा आहे. तो ओलांडायला उंच उडावं लागतं, मग उतरताना पाय जमिनीत रुततो आणि पुढचा वेग मरतो. बॅरियरवर पाय ठेवून अंग खाली ठेवत पुढे रेटायचं. एक पाय उथळ पाण्यात, पुढचं पाऊल कोरड्यावर.

आता तुझे आकडे. खड्डा ट्रॅकच्या आतल्या बाजूला असेल तर लॅप साधारण 396 मीटरचा होतो. तुझ्या फ्लॅट वेगाने तेवढं अंतर 73 सेकंदांत होतं. तू पहिला लॅप 74 मध्ये काढलास, म्हणजे चार बॅरियर आणि पाणी यांना मिळून एकच सेकंद दिलास. याचा अर्थ मधल्या जागांत तू फ्लॅटपेक्षाही जोरात पळालास. प्रत्येक अडथळ्यापाशी वेग मोडायचा आणि पुन्हा गाठायचा, यात पाय जातात. दम शिल्लक राहिला तो म्हणूनच.

35 अडथळ्यांना सरासरी एकेक सेकंद धर. 9:12 चे 9:47 होतात. लॅपला साडेसत्याहत्तर येतात. पहिल्या 227 मीटरमध्ये अडथळा नसतो, तिथे 44 च्या आत जाऊ नकोस.

माणदेशी_पाय: सर, पण 77 ने गेलो तर घोळका पुढे निघून जाईल ना?

जुना_स्टीपलर: जाऊ दे. घोळक्याच्या आत बॅरियर उशिरा दिसतो आणि पावलं बारीक होतात. थोडं बाहेरून धाव, समोरचं दिसलं पाहिजे. बॅरियरआधीच्या दहा-पंधरा मीटरमध्ये वेग किंचित वाढव, तिथे थबकू नकोस.

रनर_कराड: पाचव्या लॅपनंतर साध्या बॅरियरवरही पाय ठेवावा का? मला तेच सोपं वाटतं.

जुना_स्टीपलर: यावर माझं आणि आमच्या कोचचं आजही जमत नाही. ते म्हणतात, थकल्यावर पाय ठेवणं सुरक्षित, कारण हा बॅरियर धडकल्यावर पडत नाही, माणूस पडतो. मला त्यात वेळ जाताना दिसतो. माणदेशी, तू शेवटच्या लॅपचा व्हिडिओ काढ. अडथळ्याआधीच्या पाच पावलांपासून नंतरच्या पाच पावलांपर्यंतची वेळ दोन्ही पद्धतींनी मोज आणि इथे टाक. दोन्ही पाय पाण्यात पडतायत का, तेही बघ.

माणदेशी_पाय: रविवारी मित्राला मोबाईल घेऊन वॉटर जंपपाशी उभा करतो. आकडे टाकतो.