शेवटी ‘मी खोटं बोललो’ म्हणणारा निवेदक: कसब की फसवणूक?

पानवाचक:
काल एक कादंबरी संपवली. निवेदक साडेतीनशे पानं बायकोच्या अपघाताबद्दल डायरी लिहितो आणि शेवटच्या प्रकरणात सांगतो की अपघात वगैरे काही नव्हता, तिला मीच ढकललं. याला कौशल्य म्हणायचं? वाचकाकडे निवेदकाच्या शब्दाशिवाय दुसरं असतंच काय? तोच खोटा निघाला तर अख्खं पुस्तक रद्द. अविश्वसनीय निवेदक हे आळशी लेखकांनी ओढून घेतलेलं पांघरूण आहे, आणि समीक्षक त्याला टाळ्या वाजवतात.

अधोरेखित:
एका फसलेल्या कादंबरीवरून अख्खं तंत्र निकालात काढलंत, म्हणून सविस्तर लिहितो. अगाथा ख्रिस्तीची १९२६ची रॉजर अॅक्रॉइडची कादंबरी घ्या. निवेदक डॉक्टर शेपर्ड हाच अॅक्रॉइडचा खुनी आहे आणि हे अगदी शेवटी कळतं. आता खुनाच्या रात्रीचा प्रसंग पुन्हा उघडून बघा. अॅक्रॉइडला पत्र येतं नऊला वीस कमी असताना. त्यात ब्लॅकमेल करणाऱ्याचं, म्हणजे शेपर्डचंच, नाव आहे. शेपर्ड अॅक्रॉइडला म्हणतो, निदान नाव तरी वाचा. अॅक्रॉइड हट्टी, आग्रह केला की तो हमखास उलटंच करतो, आणि हे शेपर्डनेच आपल्याला तिथे सांगितलेलं आहे. म्हणजे तो आग्रह नाव कळावं म्हणून नव्हता, पत्र न वाचता राहावं म्हणून होता! मग नऊला दहा कमी असताना शेपर्ड निघतो, दाराच्या मुठीवर हात ठेवून मागे बघतो, काही करायचं राहिलं का असा विचार करतो.

यात एकही वाक्य खोटं नाही. पत्र येणं आणि त्याचं निघणं यांच्यामध्ये दहा मिनिटं आहेत आणि खून त्या दहा मिनिटांत झालेला आहे. पुढे प्रेत सापडल्यावर तो लिहितो की जे थोडंफार करायचं होतं ते मी केलं. आपण समजतो डॉक्टरचं काम. प्रत्यक्षात त्याने आवाज मुद्रित करणारा डिक्टाफोन बॅगेत टाकला आणि खुर्ची जागेवर सरकवली.

मिनिटं मोजणाऱ्यासाठी आणखी एक जागा आहे. घरापासून फाटकापर्यंत चालायला पाच मिनिटं लागतात. शेपर्ड नऊला दहा कमीला निघाला आणि फाटकाशी पोचला नऊच्या ठोक्याला. पाच मिनिटं जास्तीची आहेत. ती छापलेली आहेत, लपवलेली नाहीत. गुप्तहेर पॉयरो त्यांनाच धरतो. तुमच्या कादंबरीत अशी एक तरी जागा होती का, एवढंच विचारायचं आहे.

वाचनवेडी:
अहो, खुनी कोण ते सरळ लिहून टाकलंत! माझं हे पुस्तक वाचायचं राहिलं होतं. वर एक ओळ सूचना द्यायला काय हरकत होती? प्रत्येक चर्चेत हेच होतं. जाणकार मंडळींना ज्ञान दाखवायची घाई आणि आमची वाट लागते.

अधोरेखित:
सूचना द्यायला हवी होती, हे खरं. पण खुनी न सांगता या तंत्रावर बोलणं शक्य नाही. आणि एक पाहा, तुम्हाला आता उत्तर माहीत आहे म्हणून वाचायचं सोडू नका. दुसरं वाचन या पुस्तकाचं जास्त चांगलं आहे.

वाचनवेडी:
ते मी ठरवेन ना. पहिलं वाचन तुम्ही घेतलंत.

ठोकताळा:
शेपर्डवरूनच तेव्हा मोठा गदारोळ झाला होता, कारण रहस्यकथेचे नियम होते आणि ख्रिस्तीबाईंनी ते मोडले. रहस्यकथालेखक रोनाल्ड नॉक्सच्या दहा नियमांत स्पष्ट आहे की गुप्तहेराच्या साथीदाराने मनात आलेलं काहीही वाचकापासून लपवायचं नाही. तेव्हा धागाकर्त्याचं बरोबर आहे, हा रडीचा डावच.

अधोरेखित:
नियम बरोबर सांगितलात, क्रम चुकला. नॉक्सचे नियम १९२९चे, पुस्तक १९२६चं. तीन वर्षांनी आलेला नियम आधी कसा मोडणार? पण नियमाचा आशय घेतला तर शेपर्ड नापास होतो, हे कबूल करावं लागेल. तो साथीदाराच्या खुर्चीत बसलाय आणि मनातलं लपवतोय.

पानवाचक:
मग मुद्दा माझाच झाला. गाळणं हे खोटं बोलणंच आहे. साक्षीदाराने अशी दहा मिनिटं गाळली तर न्यायाधीश त्याला प्रामाणिक म्हणेल?

अधोरेखित:
नाही म्हणणार. पण उलटतपासणी घेणारा वकील त्याला त्या दहा मिनिटांवरून पकडू शकेल, कारण वेळा त्याने स्वतः सांगितल्यात. माझ्या दृष्टीने फरक इथे आहे. निवेदक प्रामाणिक असावा ही अट मी घालतच नाही. तो पकडता यावा, एवढीच माझी अट आहे.

सायंकाळ:
तुम्ही सगळे खोटेपणाबद्दल का बोलताय? माझे आजोबा शेवटची काही वर्षं तीच गोष्ट दर वेळी वेगळी सांगायचे. कधी त्यांचा भाऊ विहिरीत पडून गेला, कधी तापाने. ते खोटं बोलत नव्हते, त्यांना आठवत नव्हतं. अशा माणसाला अविश्वसनीय म्हणणं मला क्रूर वाटतं.

अधोरेखित:
आजोबांना कुणी खोटारडं म्हणत नाही. धाग्याचा प्रश्न जाणूनबुजून फसवणाऱ्या निवेदकाचा आहे, विसरणाऱ्याचा नाही. मात्र या दोघांच्या मधला एक तिसरा असतो आणि तो मला शेपर्डपेक्षा मोठा वाटतो. इशिगुरोच्या १९८९च्या कादंबरीतला बटलर स्टीव्हन्स. वरच्या खोलीत वडील वारलेत आणि हा खाली पाहुण्यांची सरबराई करतोय. आपल्याला काय वाटलं याबद्दल अक्षर नाही. मग मालक विचारतात, स्टीव्हन्स, बरा आहेस ना, रडल्यासारखा दिसतोयस. तो हसून रुमालाने तोंड पुसतो आणि दिवसभराच्या कामाचा ताण म्हणून माफी मागतो. अश्रू निवेदनात नाहीत, दुसऱ्याच्या तोंडून आले. निवेदकाने दाबलेलं बाहेर काढायचं तर दुसऱ्या पात्राचं एक वाक्य पुरतं. त्याचा आवाज मोडावा लागत नाही.

रिळवेडा:
पुस्तकात हे चालतं, सिनेमात नाही, यावर कुणी बोलत नाही. हिचकॉकचा १९५०चा ‘स्टेज फ्राइट’ बघा. सुरुवातीलाच गाडीत नायक मैत्रिणीला सांगतो की नटी रक्ताने भरलेला पोशाख घालून माझ्याकडे आली, आणि आपल्याला ते सगळं पडद्यावर दिसतं. शेवटी कळतं की तो खोटं बोलत होता. प्रेक्षक भडकले. खुद्द हिचकॉकने पुढे फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोजवळ मान्य केलं की खोटा फ्लॅशबॅक घालायला नको होता. कॅमेऱ्याने दाखवलं म्हणजे घडलं. हे सूत्र मोडलं की संपलं.

ठोकताळा:
त्याच वर्षीचा ‘राशोमोन’ विसरलात वाटतं. एकाच मृत्यूच्या चार हकिकती, चारही कॅमेऱ्याने दाखवलेल्या, चारही एकमेकींना खोडणाऱ्या. कुणी भडकलं का?

रिळवेडा:
तिथे तीन हकिकती साक्ष म्हणून येतात आणि चौथी वेशीखाली सांगितलेली म्हणून. लोक समोर बसून सांगताहेत हे आधी दिसतं, आणि दुसरी हकिकत सुरू झाली की पहिलीवरचा विश्वास उडतो. एकाच चौकटीत मोजून चार.

ठोकताळा:
‘स्टेज फ्राइट’मध्येही तो गाडीत बसून सांगतोच की! चौकट तीच आहे. तुम्हाला हिचकॉकची कबुली पाठ आहे म्हणून तुम्ही चूक धरून बसलात. दिग्दर्शकाचं स्वतःच्या सिनेमाबद्दलचं मत म्हणजे वेदवाक्य नव्हे.

रिळवेडा:
मत माझं स्वतःचं आहे, उसनं घेतलेलं नाही. फरक असा की तिथे दुसरी हकिकत शेवटपर्यंत येत नाही. तोवर तासभर त्या खोट्या पोशाखाच्या आधारावर सगळी धावपळ चाललेली असते. आणि जरा नीट बोला, इथे कुणी कुणाला पाठांतराचे गुण देत नाहीये.

ठोकताळा:
बरं, ‘पाठ आहे’ हे शब्द मागे घेतो. पण दुसरी हकिकत उशिरा येणं ही चूक असेल तर ती शेपर्डलाही लागू होते. तिथेही ती शेवटीच येते.

रिळवेडा:
नाही लागू होत. शेपर्डने घडलेलं गाळलं, हिचकॉकने न घडलेलं दाखवलं. इथे मी हटणार नाही.

कच्चा खर्डा:
मला सिनेमाचं फारसं कळत नाही, माझी अडचण लिखाणातली आहे. माझ्या कथेत थोरला भाऊ सांगतो की धाकटा एका रात्री आपणहून घर सोडून गेला. खरं म्हणजे थोरल्यानेच त्याला हाकललं. मी हे शेवटच्या परिच्छेदात उघड केलं. एका मासिकाच्या संपादकांनी कथा परत पाठवली, शेरा एवढाच, ‘शेवट आकाशातून पडला’. मी आधी काही पेरायचं तर वाचक लगेच ओळखतील अशी भीती वाटते.

अधोरेखित:
थोरला त्या रात्रीबद्दल सुरुवातीला काय म्हणतो?

कच्चा खर्डा:
‘मला सकाळी कळलं. रात्री मी गाढ झोपेत होतो.’

अधोरेखित:
मग तिथेच तुमची संधी आहे. हे वाक्य तसंच ठेवा. चारपाच पानांनंतर, भलत्याच विषयाच्या ओघात, त्याला सांगू द्या की धाकटा अजून तसाच वेंधळा असणार, त्या रात्रीही पिशवी डाव्या खांद्याला आणि चपला हातात. झोपलेल्या माणसाला पिशवी कुठल्या खांद्याला होती ते कसं कळलं? त्यावर निवेदकाने थबकायचं नाही, तुम्हीही परिच्छेद तिथे तोडायचा नाही. वाक्याच्या शेवटी ठेवलंत तर डोळ्यांत भरेल, म्हणून मधे ठेवा आणि पुढे लगेच वाचकाला दुसरं काही बघायला द्या.

पुढची पायरी आईची. तिने एकदाच म्हणावं, ‘कडी तर आतून लावलेली होती.’ बाहेर गेलेला माणूस आतून कडी लावू शकत नाही, म्हणजे कुणीतरी जागं होतं. ही दुसरी खूण निवेदकाच्या तोंडी नको. तो तिला लगेच गप्प करेल, आणि ते गप्प करणंच सावध वाचकाला पुरेल. कबुली आली की उरलेल्यांना ही दोन पानं उलटून बघता यायला हवीत. बघितल्यावर काहीच सापडत नसेल तर शेवट खरंच आकाशातून पडलाय. आणि पिशवीपाशीच सगळे ओळखत असतील तर ती जरा आधी आणा, कडीपासून लांब. दोन खुणा जवळजवळ आल्या की एकमेकींकडे बोट दाखवतात.

कच्चा खर्डा:
पण पहिलं वाक्य तर धडधडीत खोटं आहे. शेपर्ड तसं करत नाही, असं तुम्हीच वर म्हणालात.

पानवाचक:
हाच प्रश्न मीही विचारणार होतो. वर ‘एकही वाक्य खोटं नाही’ म्हणून कौतुक आणि इथे सरळ खोटं वाक्य ठेवायचा सल्ला?

अधोरेखित:
शेपर्डचा मार्ग जास्त अवघड म्हणून कौतुक केलं. तो एकमेव मार्ग आहे असं मी कुठेही म्हटलं नाही. धडधडीत खोटं चालतं, पण मग ते खोडणारी खूण पुस्तकातच हवी, आणि खोटं कुणासाठी चाललंय तेही ठरलेलं हवं. शेपर्ड आपली हकिकत पॉयरोचं अपयश म्हणून छापायच्या इराद्याने लिहायला बसतो, आणि पुढे ते हस्तलिखित पॉयरोलाच वाचायला देतो. गाळण्याला कारण आहे. या कथेतला थोरला कुणाशी बोलतोय?

कच्चा खर्डा:
ते ठरवलेलं नाही. बहुधा धाकट्याच्या मुलाशी, तो चौकशी करत आलाय.

अधोरेखित:
‘बहुधा’ काढा आणि तेच पक्कं करा. झोपेचं खोटं मग आपोआप उभं राहील.

पानवाचक:
बरं. शेपर्डचं मान्य, वेळांचा हिशोब मी पहिल्या वाचनात केलाच नव्हता. पण माझ्या कादंबरीला ही सवलत मिळत नाही. तिच्यात ती निवेदकाची खाजगी डायरी आहे, कुलपात ठेवलेली, कुणी वाचणार नाही असं तो स्वतः लिहितो. मग साडेतीनशे पानं तो कुणाला फसवत होता? फक्त मला. लेखकाला शेवटी धक्का द्यायचा होता, एवढंच कारण. खुणा शोधायला मी परत पहिलं प्रकरण उघडलं. एकही नाही.

अधोरेखित:
तसं असेल तर पुस्तक फसलंय, त्यात वाद नाही. फक्त कुलपातल्या डायरीत माणूस खोटं लिहीतच नाही, हे मला पटत नाही. स्वतःच्याच नजरेला पडू नये म्हणून लोक डायरीतही पुष्कळ गाळतात.

पानवाचक:
गाळतात, मान्य. अपघाताचा दिवस, पाऊस, पोलिसांचे प्रश्न असं सगळं तपशीलवार रचून लिहीत नाहीत.